फोटोखाली माप आणि नग टाइप करा

सोलापुरात आमचं नळफिटिंगचं दुकान. गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर नुसता एल्बोचा फोटो टाकून 'हे पाठवा' म्हणायचं. फोटोत माप कसं कळणार? अर्धा इंची यूपीव्हीसी पाइप बाहेरून साधारण 21.3 मिमी, पाऊण इंची सीपीव्हीसी 22.2. पट्टी लावली तरी माणूस फसतो, आणि एल्बो बसत नाही म्हणून माल परत. शेवटी पाटी लावली:

'वस्तूचा फोटो पाठवा. पाइपवर छापलेलं माप आणि नग खाली टाइप करा. व्हॉइस मेसेज नको.'

यंत्रमागाच्या खडखडाटात बोललेलं 'पाऊण' कुणाला ऐकू येतंय! आता 'सीपीव्हीसी एल्बो, 3/4 इंच, 6 नग' असं येतं; माल काढून ठेवतो. छपाई पुसलेली असेल तर मात्र तुकडाच आणायला सांगतो.