तार कापली तरी वाजणारा दरवाज्याचा अलार्म : बंद चक्राची जोडणी

रात्री घरात माणसे झोपलेली असताना लावण्याचा हा साधा अलार्म मी नागपुरात अनेक घरांत जोडला आहे. येथे महाल भागातील एका जुन्या घराची जोडणी सांगतो. तेथे पुढचा, मागच्या अंगणाचा आणि गच्चीचा असे तीन दरवाजे होते. प्रत्येक चौकटीवर प्लास्टिकच्या डबीतला रीड स्विच, म्हणजे चुंबकाने चालणारा स्विच, आणि त्याच्यासमोर दाराच्या फळीवर चुंबक बसवला. दारे बंद असताना या स्विचांतून जाणाऱ्या तारेचे चक्र अखंड राहते आणि ते कुठेही तुटले की बझर वाजतो. उघड्या काचेचा रीड स्विच घेऊ नये, कारण त्याचे पाय वाकवताना काच तडकते.

सगळा घोटाळा होतो तो स्विच निवडताना. सीताबर्डीत मी प्रथम 'नॉर्मली क्लोज्ड' स्विच मागून आणला, तेव्हा दार उघडे असेपर्यंत बझर गप्प राही आणि बंद केले की वाजे. त्याचे कारण कळायला मला दोन दिवस लागले. सुटे भाग विकणारे लोक चुंबक दूर असतानाच्या स्थितीवरून स्विचचे नाव ठेवतात, तर अलार्मचे सामान विकणारे दार बंद असतानाच्या, म्हणजे चुंबक जवळ असतानाच्या स्थितीवरून. त्यामुळे तोच स्विच एका दुकानात 'ओपन' आणि दुसऱ्या दुकानात 'क्लोज्ड' म्हणवला जातो. म्हणून नावावर विसंबू नये आणि मल्टिमीटर घेऊनच दुकानात जावे. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून चुंबक जवळ आणल्यावर तो वाजला पाहिजे आणि चुंबक दूर नेल्यावर गप्प झाला पाहिजे. आपल्याला हाच स्विच हवा.

उलटा स्विच हाती आला तर काही जण सर्किटच बदलून घेण्याचा सल्ला देतात, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. तसे केल्यास दार उघडल्यावर बझर वाजतो खरा, पण कापलेली तार आणि बंद दार या दोन स्थिती सर्किटला सारख्याच दिसतात. चोराने तार तोडली की अलार्म कायमचा मुका होतो आणि घरच्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

आता जोडणी. तिन्ही स्विच एकापाठोपाठ एकाच तारेत ओवावेत; समांतर जोडले तर एक दार उघडूनही चक्र तुटत नाही. बीटी १६९ हा लहान एस.सी.आर. घ्यावा; गेट या पायात थोडा प्रवाह शिरला की तो ॲनोडपासून कॅथोडपर्यंतची वाट उघडतो आणि वीज तोडेपर्यंत ती उघडीच ठेवतो. त्याच्या पायांचा क्रम माहितीपत्रकावरून पाहावा, विक्रेत्याच्या सांगण्यावरून नव्हे. १२ व्होल्टच्या बॅटरीची धन तार किल्लीच्या स्विचमधून बझरला, बझरची दुसरी तार ॲनोडला आणि कॅथोड बॅटरीच्या ऋण टोकाला जोडावा. किल्लीच्या स्विचनंतरच्या धन तारेपासून गेटपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर द्यावा आणि आपल्या चक्राची दोन टोके गेट व कॅथोड यांना जोडावीत. चक्र अखंड असेपर्यंत रेझिस्टरमधून येणारा सुमारे १.२ मिलिअँपिअर प्रवाह त्यातून निघून जातो. ते दाराने तुटो की कात्रीने, प्रवाह गेटमध्ये शिरतो आणि बझर वाजू लागतो. दार पुन्हा लावले तरी तो थांबत नाही. किल्लीने वीज तोडावी लागते. बझर थांबून थांबून वाजणारा असेल, तर मधल्या क्षणी प्रवाह घटून एस.सी.आर. बंद पडतो, म्हणून बझरला समांतर १ किलोओहमचा रेझिस्टर लावावा. कूलरची मोटर बंद होताना येणाऱ्या झटक्याने खोटा अलार्म वाजू नये यासाठी गेट आणि कॅथोड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. त्याचे धन टोक गेटकडे राहील हे पाहावे.

या पद्धतीची एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. तार कापली तर बझर वाजतो, पण जाणारी व येणारी तार सोलून एकमेकींना जोडली तर वाजत नाही, आणि त्या जोडापलीकडची सारी दारे निरुपयोगी होतात. भिंतीत ठोकलेला खिळा दुपदरी वायरमध्ये नेमके हेच करतो. त्या घरात गच्चीचे दार असेच आंधळे झाले होते. बाकीची दोन दारे नीट वाजत असल्याने ते महिनाभर कोणाच्या लक्षात आले नाही. तेव्हापासून मी जाण्याची आणि येण्याची तार वेगवेगळ्या भिंतींवरून नेतो आणि बॅटरी, बझर व एस.सी.आर. आतल्या खोलीत एकाच पेटीत ठेवतो, कारण चक्र फक्त स्वतःच्या तारेची राखण करते. बॅटरीची तार कापली तर ते काही करू शकत नाही.

शेवटी दारे एकेक करून उघडून पाहावीत आणि चक्राची तार प्रत्येक दारापाशी एकदा सोडवून पाहावी. लोखंडी दारावर चुंबकाचा जोर घटतो, त्यामुळे त्याच्याखाली लाकडाची पातळ पट्टी ठेवावी. लाकडी दार मे महिन्याच्या उन्हात आकसते आणि चुंबक व स्विच यांच्यातली फट वाढून मध्यरात्री खोटा अलार्म वाजतो, म्हणून पावसाळ्यात फुगलेल्या दारावर बसवताना ही फट शक्य तितकी कमी ठेवावी आणि उन्हाळा लागताच ती पुन्हा तपासावी.