छापील बेरजांशी ताळा घेताना या चुका टाळा

जुन्या छापील तक्त्यातले आकडे संगणकावर उतरवताना अंक चुकीचे वाचले जातातच. फिकट छपाईत १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, इंग्रजी अंकांत तीनाचा आठ होतो, एकाचा सात होतो. हाताने टंकलेले असो वा ओसीआरने काढलेले, चुकलेला आकडा बहुतेक वेळा अगदी शहाण्यासारखा दिसतो. ३१४ ऐवजी ३९४ आले तर डोळ्याला काहीही खटकत नाही. सुदैवाने असे तक्ते सोबत आपला ताळा घेऊनच येतात: प्रत्येक ओळीची आडवी बेरीज, प्रत्येक रकान्याची उभी बेरीज आणि कोपऱ्यात एकूण बेरीज. ती वापरताना मात्र ठरावीक ठिकाणी गफलत होते.

बेरीज उतरवायचीच नाही, ही पहिली चूक

पुष्कळ जण आतले आकडे उतरवतात आणि बेरजेच्या जागी सूत्र टाकून मोकळे होतात. वरवर ते नीटनेटके वाटते, पण सूत्र तुमच्याच आकड्यांची बेरीज करते. आकडा चुकला की बेरीजही तेवढीच चुकते आणि दोन्ही एकमेकांशी छान जुळतात. छापील बेरजा या तक्त्याचा स्वतंत्र पुरावा आहेत, म्हणून त्या छापल्या तशाच, आकडे म्हणून उतरवायच्या. शक्य असल्यास आतले आकडे भरण्याआधीच उतरवाव्यात. नाहीतर समोर आलेल्या बेरजेकडे बघून अस्पष्ट अंक आपल्याला हवा तसा वाचला जातो.

समजा नावे A रकान्यात, आकडे B ते D मध्ये, छापील आडव्या बेरजा E मध्ये आणि छापील उभ्या बेरजा सहाव्या ओळीत आहेत. मग फरकाची सूत्रे चारच लागतात: पहिले F2 मध्ये, दुसरे B7 मध्ये, तिसरे E7 मध्ये आणि चौथे F6 मध्ये.

```
=SUM(B2:D2)-E2
=SUM(B2:B5)-B6
=SUM(E2:E5)-E6
=SUM(B6:D6)-E6
```

पहिली दोन सूत्रे पुढच्या ओळींत आणि रकान्यांत ओढून घ्यायची. शेवटची दोन छापील बेरजांचीच आपापसात तपासणी करतात. त्यांचे काम पुढे येईल.

फक्त उभ्या बेरजा पाहून समाधान मानणे

खाली उतरवलेला एक नमुना आहे. फरक म्हणजे उतरवलेल्या आकड्यांची बेरीज वजा छापील बेरीज.

| | पहिले वर्ष | दुसरे वर्ष | तिसरे वर्ष | छापील बेरीज | फरक |
|---|---|---|---|---|---|
| विभाग अ | ४१२ | ३१५ | ५२८ | १३३५ | −८० |
| विभाग ब | २९७ | ३९४ | २८६ | ८९७ | +८० |
| विभाग क | ६०३ | ५५१ | ६४७ | १८०१ | ० |
| विभाग ड | १८७ | २१९ | २३३ | ६३० | +९ |
| छापील बेरीज | १४९० | १४७९ | १६९४ | ४६६३ | ० |
| फरक | +९ | ० | ० | ० | |

फक्त शेवटची ओळ पाहिली असती तर पहिल्या वर्षात किरकोळ ९ चा फरक दिसला असता आणि बाकी सगळे बरोबर वाटले असते. एकूण बेरजेवरून तपासले तरी तेवढाच ९ दिसला असता. आडवे फरक मात्र सांगतात की वरच्या दोन ओळींतही गडबड आहे.

आधी सोपी चूक घेऊ. विभाग ड च्या ओळीत +९ आणि पहिल्या वर्षाच्या रकान्यातही +९. एकच फरक दोन्ही दिशांनी, त्याच चिन्हासह दिसला की दोष बहुधा त्या दोघांच्या छेदावरच्या आकड्यात असतो. म्हणजे १८७ मध्ये. त्यातून ९ वजा केले की १७८ उरतात, म्हणजे ७ आणि ८ यांची जागा बदलली आहे. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. हा संकेत उपयोगी आहे, पण पक्का नाही. शेवटचे शून्य गळले तरी फरक ९ च्या पटीतच येतो, आणि ० ऐवजी ९ वाचला तरीही. म्हणून ९ ने भाग गेला की आधी अदलाबदल तपासायची, पण मूळ पान पाहिल्याशिवाय ती ठरवून टाकायची नाही.

आता −८० आणि +८०. दोन ओळी चुकल्या, पण कोणत्याही रकान्यात त्यांचा मागमूस नाही. याचा सरळ अर्थ असा की दोन्ही चुका एकाच रकान्यात आहेत आणि तिथे एकमेकींना खाऊन टाकत आहेत. कोणत्या रकान्यात, हे बेरजा सांगत नाहीत. ते अंकांवरून काढावे लागते.

फरक ८० म्हणजे दहं स्थानच्या एका अंकात ८ चा फरक. विभाग अ मध्ये उतरवलेला अंक खऱ्यापेक्षा ८ ने लहान आहे, म्हणजे तो ० किंवा १ च असू शकतो. त्या ओळीत दहं स्थानी १ असलेले दोन आकडे आहेत, ४१२ आणि ३१५. तिसऱ्या वर्षाच्या ५२८ मध्ये तिथे २ आहे, म्हणून तो रकाना बाद. विभाग ब मध्ये उलट: उतरवलेला अंक ८ ने मोठा, म्हणजे ८ किंवा ९. पहिल्या वर्षाचा २९७ चालतो, दुसऱ्या वर्षाचा ३९४ ही चालतो. उरल्या दोन जोड्या. पहिल्या वर्षात ४१२ च्या जागी ४९२ आणि २९७ च्या जागी २१७ असेल, किंवा दुसऱ्या वर्षात ३१५ च्या जागी ३९५ आणि ३९४ च्या जागी ३१४ असेल. दोन्हींनी सगळ्या बेरजा तंतोतंत जुळतात.

एका रकान्यातल्या दोन नोंदी वरखाली झाल्या असत्या तरी असेच फरक आले असते. पण तेव्हा त्या दोन नोंदींमधले अंतर नेमके ८० असायला हवे. ३१५ आणि ३९४ मध्ये ते ७९ आहे, म्हणून ही शक्यता जाते.

इथे थांबून पान मोठे करून पाहायचे, फक्त चार आकडे. छापलेले आहेत ३९५ आणि ३१४. एका ठिकाणी ९ ची गाठ भरून गेल्यामुळे तो १ वाटला, दुसऱ्या ठिकाणी १ ची शेपटी शाईने जाड झाल्यामुळे तो ९ वाटला.

ताळा जुळवण्यासाठी आकडा बदलणे

वरच्या उदाहरणात कोणी पान न पाहता ४१२ चे ४९२ आणि २९७ चे २१७ केले असते तर सगळे फरक शून्य झाले असते. तक्त्यात मात्र चार आकडे चुकीचे राहिले असते, आणि शून्य फरकामुळे ते पुन्हा कोणी तपासलेही नसते. माझ्या मते या कामातली सर्वांत घातक चूक हीच. फरक कुठे पाहायचे ते सांगतो, काय लिहायचे ते छापील अंकच सांगतो. दुरुस्तीआधी प्रत्येक वेळी त्या चौकटीची प्रतिमा पाहायची, आणि अंक खरोखर वाचता येत नसेल तर शेजारी तशी नोंद करायची: ‘बेरजेवरून काढलेला आकडा’.

बेरीज स्वतः चुकली असेल हे विसरणे

विभाग क ची बेरीज १८०१ ऐवजी १८०९ वाचली गेली असे धरू. त्या ओळीत −८ येईल, पण त्याला जोड असलेला रकाना सापडणार नाही. लोक मग त्या ओळीतले आकडे पुन्हा पुन्हा तपासत बसतात. तिसरे सूत्र याच वेळी कामी येते: आडव्या बेरजांची बेरीज एकूण बेरजेपेक्षा ८ ने जास्त निघते, म्हणजे चूक बेरजेच्या अंकात आहे. एकूण बेरीजच चुकीची वाचली असेल तर E7 आणि F6 दोन्हीकडे एकच फरक दिसतो आणि आतल्या ओळी-रकाने स्वच्छ राहतात.

अंकाची चूक नसताना अंक शोधत बसणे

फरक एखाद्या संपूर्ण नोंदीएवढा आला तर कारण बहुधा वेगळे असते. शून्याच्या जागी इंग्रजी O टंकला गेला की ती चौकट मजकूर ठरते, आणि पत्ते देऊन केलेली SUM तिला गुपचूप वगळते. उलट, ‘पैकी’ म्हणून दिलेली पोटओळ बेरजेत धरली तर तो आकडा दोनदा मोजला जातो. रिकाम्या जागेची रेघ सुटल्यामुळे ओळीतले आकडे एक घर डावीकडे सरकले, तर आडवी बेरीज जुळते आणि अनेक रकाने एकदम बिघडतात. अशा वेळी एकेक अंक तपासण्यापेक्षा ओळीची मांडणी आधी पाहावी.

आकडे हजारांत किंवा लाखांत दिलेले असतील तर १ किंवा २ चे फरक सगळीकडे विखुरलेले दिसू शकतात. मूळ आकडे आणि त्यांची बेरीज वेगवेगळे पूर्णांकात आणल्यामुळे ते येतात. प्रत्येक आकड्यात जास्तीत जास्त अर्ध्याची चूक धरली तर तीन आकडे आणि एक बेरीज मिळून फरक २ पर्यंत जाऊ शकतो. त्यांच्या मागे लागू नये. पण अशा तक्त्यात एककाच्या जागी ५ चा ६ वाचला गेला तर ताळा तो पकडू शकत नाही. तिथे एकक स्थान दुसऱ्यांदा वाचण्यावाचून इलाज नाही.

मूळ छपाईतली चूक गुपचूप सुधारणे

कधीकधी पान कितीही मोठे केले तरी अंक स्वच्छ दिसतो आणि ताळा मात्र जुळत नाही. ओळ आणि रकाना दोन्ही एकाच आकड्याकडे बोट दाखवत असतील, तर बहुधा जुळाऱ्याने तो आकडा चुकीचा बसवला आणि बेरजा मूळ हस्तलिखितावरून बरोबर आल्या. फक्त एकच ओळ किंवा रकाना आणि त्याची कोपऱ्यातली तपासणी बिघडत असेल, तर छापील बेरीज चुकलेली. दोन्ही प्रसंगी उतरवलेल्या तक्त्यात छापलेलाच आकडा ठेवावा आणि सुचवलेला आकडा वेगळ्या रकान्यात, कारणासह लिहावा. पुढे वापरणाऱ्याला चूक छापखान्याची होती की उतरवणाऱ्याची, हे त्यावरूनच कळते.

सगळे फरक शून्य आले तरी दोन गोष्टी ताळ्याच्या पलीकडे राहतात. दोन ओळी आणि दोन रकाने यांच्या चार छेदांवर सारख्याच फरकाच्या, आलटूनपालटून अधिक-उण्या चुका झाल्या तर त्या दिसत नाहीत. असे घडणे विरळा. दुसरी गोष्ट बरीच नेहमीची आहे: एखादी ओळ आपल्या बेरजेसकट वरच्या किंवा खालच्या नावासमोर उतरवली जाते. तेव्हा एकही फरक हलत नाही. म्हणून शेवटी नावांचा रकाना एकदा पानाशी ताडून पाहावा, आणि प्रत्येक ओळीचा निदान पहिला आकडा आपापल्या नावासमोरच आहे ना, याची खात्री करावी.