स्कोलिओसिस असताना डेडलिफ्ट करताय? या चुका टाळा

मी मालवणला जिममध्ये शिकवतो. गेल्या वर्षी एक 23 वर्षांचा मुलगा आला, एक्स-रेमध्ये कणा 14 डिग्री बाजूला वळलेला, म्हणजे माइल्ड स्कोलिओसिसच, आणि 70 किलोच्या डेडलिफ्टनंतर दर वेळी डावी कंबर धरायची. घरी आंब्याच्या पेट्या उचलायची सवय, त्यामुळे वजनाची भीती नव्हती.

मोबाईलवर मागून व्हिडिओ काढला तेव्हा कळलं. पहिले तीन रेप नीट, चौथ्याला बार गुडघ्यापाशी आला की कंबर उजवीकडे सरकायची. आणि पकड एक हात उलटा, एक सुलटा, तीसुद्धा कायम उजवाच उलटा. स्कोलिओसिसमध्ये मणके आधीच थोडे फिरलेले असतात, त्यात अशा पकडीने अजून पीळ पडतो. म्हणून दोन्ही तळवे स्वतःकडे ठेवायला लावले, पकड सुटली तर स्ट्रॅप. बार खाली प्लेट ठेवून साधारण 10 सेंमी वर घेतला, वजन 45 वर आणलं, 6 चे 3 सेट, आणि कंबर सरकली की सेट तिथेच बंद, दोन रेप बाकी असले तरी.

दुसरी चूक सगळेच करतात, आरशात बघून खांदे जबरदस्तीने सरळ करायचे. अहो, हाडाचा बाक तसा जात नाही, तुम्ही फक्त दुसरीकडे वाकता आणि त्याच अवस्थेत वजन उचलता! त्यापेक्षा फासळ्या कमरेच्या बरोबर वर ठेवा, पोट चारही बाजूंनी घट्ट करा आणि खांदा थोडा खालीवर दिसला तर दिसू दे.

तिसरी चूक, कमजोर बाजूला मनाने जास्त सेट मारणं. या मुलाचा साइड प्लँक डावीकडे 35 सेकंद टिकायचा, उजवीकडे 20. आम्ही उजवीकडून सुरुवात केली आणि दोन्हीकडे 20 च सेकंद धरलं. मग एका हातात 12 किलोचं डंबेल घेऊन 20 पावलं, न झुकता, मग हात बदलून तेवढंच. कुठल्या बाजूला जास्त काम द्यायचं हे वळण कुठल्या दिशेला आहे त्यावर ठरतं, ते एक्स-रे बघून फिजिओनेच सांगावं, मी पण सांगत नाही.

सहा आठवड्यांनी तो जमिनीवरून 65 उचलत होता आणि कंबर शांत होती. वळण मात्र आहे तेवढंच आहे, व्यायामाने ताकद आणि कंट्रोल येतो, पिळलेलं हाड सरळ होईल असं समजू नका.

वाढत्या वयातल्या मुलामुलींना पुढे वाकवल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसली तर आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर, मग जिम, कारण उंची वाढताना वळणही वाढू शकतं. मोठ्यांनी पायात मुंग्या किंवा ताकद कमी वाटली, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असलं तर लिफ्टिंग थांबवून लगेच दाखवा. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला तर त्याच दिवशी थेट हॉस्पिटल गाठा, उद्यावर ढकलू नका.