प्रोस्टेटच्या गोळ्या लिहिताना या चुका टाळा

प्रोस्टेट वाढलेला माणूस रात्री पडला म्हणून आला की ज्युनिअर लोक आधी सीटी स्कॅनचा फॉर्म भरायला घेतात. डोक्याला मार असेल तर भरा, माझी काही तक्रार नाही, पण त्याआधी एक प्रश्न विचारा: प्रोस्टेटची गोळी मध्ये काही दिवस बंद होती का? निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं.

हे मला कोणी शिकवलं नाही, मीच एकाला पाडून शिकलोय. रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष, बहात्तर वर्षांचे आजोबा न्यूमोनियासाठी अॅडमिट होते. लघवीसाठी टेराझोसिन 5 मिलिग्रॅम रोज रात्री, दोन वर्षं झाली, काही त्रास नाही. अॅडमिट झाले तेव्हा बीपी कमी होतं म्हणून आम्ही ती गोळी थांबवली, आणि बरोबरच केलं. नऊ दिवसांनी डिस्चार्ज. त्या दिवशी माझ्याकडे सात डिस्चार्ज होते, मी कार्डावर लिहून टाकलं "पूर्वीच्या सर्व गोळ्या चालू ठेवा", सही केली आणि पुढच्या बेडकडे गेलो. आजोबांनी रात्री दहाला इमानदारीत 5 मिलिग्रॅमची गोळी घेतली, साडेअकराला लघवीला उठले, चार पावलं चालले आणि कोसळले. भुवईवर पाच टाके, उजवं मनगट फ्रॅक्चर. कॅज्युअल्टीत झोपून बीपी 138/80, उभं करून एका मिनिटाला 92/56. सोबत बीपीच्या गोळीत डाययुरेटिक होतंच, न्यूमोनियात खाणंपिणं कमी झालेलं, म्हणजे शरीरात पाणी आधीच कमी. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, बाबा हीच गोळी दोन वर्षं घेतायत, मग आजच कसं काय झालं?" मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही.

उत्तर असं आहे. उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायात आणि पोटात उतरतं. नेहमी अशा वेळी सिंपथेटिक नसा रक्तवाहिन्या आवळतात आणि ते आवळणं बऱ्याच अंशी अल्फा-1 रिसेप्टरमार्फत होतं. टेराझोसिन, डॉक्साझोसिन, प्राझोसिन हे अल्फा ब्लॉकर अल्फा-1 चा कुठलाही उपप्रकार सोडत नाहीत. प्रोस्टेट आणि ब्लॅडरच्या मानेतला स्नायू सैल करायला खरं तर 1ए पुरेसा आहे, तिथे तोच जास्त असतो, पण हे सोबत रक्तवाहिन्यांमधला 1बी पण बंद करून टाकतात, आणि वय वाढतं तसा रक्तवाहिन्यांवर 1बी चा वाटा वाढतो, म्हणजे ज्यांना प्रोस्टेटचा त्रास होतो नेमके तेच लोक यात सापडतात. गोळी रोज चालू असली की शरीर हळूहळू मीठ-पाणी धरून ठेवतं, जुळवून घेतं, म्हणून दोन वर्षं काही होत नाही. बंद केली की काही दिवसांत हे जुळवून घेणं निघून जातं. दहाव्या दिवशीची 5 मिलिग्रॅमची गोळी शरीराच्या हिशोबाने पहिलीच गोळी असते, तीही सुरुवातीच्या 1 मिलिग्रॅमच्या पाचपट.

म्हणून टेराझोसिन किंवा डॉक्साझोसिन काही दिवस सुटलं की परत 1 मिलिग्रॅम, रात्री झोपताना. एखादा डोस चुकला तर एवढं करायची गरज नाही, पण तीन-चार दिवसांचा खंड असेल तर मी सरळ शून्यापासून सुरू करतो, आणि प्रत्येक पायरीवर निदान आठवडाभर थांबतो. लोक म्हणतात वेळ जातो, पेशंट कटकट करतो. करू दे. पहिल्या रात्री उशाशी युरीनचं भांडं ठेवायला सांगतो, उठायचंच असेल तर आधी दोन मिनिटं कडेला बसा, मग उठा. पेशंट समोर असेल तर पाच मिनिटं झोपवून बीपी, मग उभं करून एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचं बीपी 20 ने किंवा खालचं 10 ने पडलं तर डोस वाढवत नाही. बसवून घेतलेल्या बीपीवर हे कळत नाही, आणि ओपीडीत सगळे बसवूनच घेतात.

यावर लगेच कोणीतरी म्हणतं, "सर, मग टॅमसुलोसिन द्या ना, ते सिलेक्टिव्ह आहे, टेन्शनच नाही." द्या, मी पण देतो, पहिली निवड तीच. 1ए आणि 1डी वर जास्त, 1बी वर कमी, 0.4 मिलिग्रॅमने थेट सुरू करता येतं. पण कमी म्हणजे शून्य नाही. रिकाम्या पोटी घेतलं तर रक्तातली पातळी बरीच वर जाते, म्हणून रोज त्याच जेवणानंतर अर्ध्या तासाने. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल सोबत चालू असेल तर सिलेक्टिव्ह असूनही चक्कर येते आणि पेशंट ते आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. सिलोडोसिन 1ए वर त्याहून नेमकं आहे, पण वीर्य बाहेर येणं बऱ्याच जणांचं बंद होतं. आधी सांगितलं नाही तर महिन्याने रागावलेला माणूस समोर बसलेला असतो.

बीपी आणि प्रोस्टेट एकाच गोळीत, एका दगडात दोन पक्षी, हा शॉर्टकट मला अजिबात आवडत नाही. बीपीच्या गोळ्यांची तुलना करणाऱ्या ऑलहॅट ट्रायलमध्ये डॉक्साझोसिनची शाखा 2000 साली मध्येच थांबवावी लागली, हार्ट फेल्युअर जास्त दिसलं म्हणून. बीपीची गोळी वेगळी लिहा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय? डोळ्याच्या डॉक्टरांना गोळीचं नाव कळवा, बाहुलीभोवतीचा पडदा ऑपरेशनमध्ये लुळा पडतो, आणि आदल्या दिवशी गोळी बंद करून काही उपयोग नसतो.

आता फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड. महिन्याभरात "फरक नाही" म्हणून बंद करणारे पेशंट समजू शकतो, डॉक्टर नाही. या गोळ्या स्नायू सैल करत नाहीत, डीएचटी हे हार्मोन कमी करून ग्रंथी आकसवतात, त्याला सहा महिने द्यावेच लागतात. तोवर धार सुधारायचं काम अल्फा ब्लॉकर करतो. आणि ग्रंथी लहान असेल तर आकसायला तिथे फार काही नसतंच, आधी सोनोग्राफीत आकार बघा.

खरी चूक पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी बघतात त्या रक्ततपासणीची. या गोळ्यांवर सहा महिने ते वर्षात पीएसए साधारण निम्मं होतं. एकाचं सुरुवातीला 4.8 होतं, ड्युटास्टेराइडवर सहा महिन्यांनी 2.1, दीड वर्षाने 2.9. रिपोर्टवर लॅबने "नॉर्मल" छापलेलं, ज्युनिअरने टिक केली, फाइल बंद. अरे, 2.9 ची दुप्पट 5.8 होते! आणि दुप्पट राहू दे बाजूला, गोळी रोज चालू असताना 2.1 वरून 2.9 वर गेलंच कसं? सर्वात खाली गेलेल्या आकड्यापासून वर चढणं, हीच धोक्याची खूण. मी आधी गोळी खरंच घेतोय का ते विचारलं, कारण सोडली तरी पीएसए चढतं. घेत होता. पुन्हा टेस्ट केली, 3.0. एमआरआय, मग बायोप्सी, आणि कॅन्सर निघाला. तेव्हापासून गोळी सुरू करायच्या आधीचं पीएसए आणि सगळ्यात खालचा आकडा मी फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहितो, लॅबची रेंज बघतच नाही.