माझा परिचय ऐकण्याजोगा कसा केला

दृष्टिहीन मैत्रिणीने माझा ऑनलाइन परिचय स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर, लावून मला ऐकवला, तेव्हा मी अक्षरशः खजील झाले. हौसेने वळणदार अक्षरांत लिहिलेले माझे इंग्रजी नाव तिला नाव म्हणून ऐकूच आले नाही. 𝓢 हे दिसायला एस असले, तरी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणपद्धतीत ते U+1D4E2 हे गणिती चिन्ह आहे; त्यामुळे काही स्क्रीन रीडर प्रत्येक अक्षराचे लांबलचक नाव उच्चारतात, तर काही ते गाळूनच टाकतात. त्यापुढच्या ✨✨✨✨ या रांगेत तिला ‘चमक’ चार वेळा ऐकावी लागली.

मी नाव साध्या अक्षरांत पुन्हा टंकले, एकच इमोजी ठेवून तो शेवटी नेला आणि शब्दांमधल्या उभ्या रेघांच्या जागी पूर्णविराम दिले. ‘मराठी⏎अनुवादक’ असे मधेच ओळ बदलून तोडलेले शब्द मात्र माझ्या लक्षात आले नव्हते; ओळ बदलली की काही वेळा वाचन तिथेच थांबते आणि पुढचा शब्द ऐकण्यासाठी पुन्हा बोट फिरवावे लागते, हे तिने दाखवले. आता तिथे ‘मी मराठी अनुवादक आहे.’ असे सलग वाक्य आहे. नंतर मी फोनमधले टॉकबॅक हे स्क्रीन रीडर सुरू करून, पडद्याकडे न पाहता, सारा परिचय स्वतः ऐकला.