एक एकर नांगरायला किती वेळ? रुंदी, वेग आणि वळणांचा हिशेब

अवजार बँकेत नव्यानं कामाला लागणाऱ्या मुलांना पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न सतत ऐकावा लागतो: "आमचं रान किती वेळात होईल?" या उत्तरावर पुढच्या शेतकऱ्याची वेळ ठरते, डिझेल किती भरायचं ते ठरतं आणि तासावर भाडं असेल तर बिलही. मी अशा बँकेत ट्रॅक्टरचं वेळापत्रक लावतो. या कामात पडणाऱ्यांनी हा हिशेब अंदाजानं न करता मोजून करायला शिकावं, म्हणून हे लिहितोय.

मूळ सूत्र सोपं आहे. अवजाराची रुंदी मीटरमध्ये, वेग ताशी किलोमीटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार करून त्याला दहानं गुणा. उत्तर येतं एका तासात किती आर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्येच असल्यामुळे हे फार सोयीचं पडतं. गुंठा आरपेक्षा अगदी थोडा मोठा, १०१ चौरस मीटरच्या आसपास, त्यामुळे बोलताना आर आणि गुंठा एकच धरले तरी चालतं. एकर म्हणजे साधारण साडेचाळीस आर. फक्त सातबाऱ्यावरचा पोटखराबा वजा करायला विसरू नका, तिथं नांगर जात नाही.

आता दोन फाळी पलटी नांगर घेऊ. फाळ १४ इंची असतील तर कागदावरची रुंदी ७१ सेंटिमीटर होते. पण नांगर प्रत्यक्षात किती रुंदी घेतो ते शेतातच मोजावं लागतं. नांगरलेल्या कडेला खुंटी ठोका, ट्रॅक्टरला दहा फेऱ्या मारू द्या, नवीन कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोजा आणि दहानं भागा. समजा ते सात मीटर भरलं, तर रुंदी ०.७ मीटर. रोटाव्हेटरला तर हे मोजमाप हवंच, कारण मध्ये पट्टी सुटू नये म्हणून चालक प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवतो आणि तेवढी रुंदी हिशेबातून जाते.

वेगाचंही तसंच. गिअरच्या तक्त्यात दिलेला वेग चाक न घसरता फिरतं असं धरून दिलेला असतो. नांगर जमिनीत असताना मागची चाकं घसरतात, म्हणून तक्त्यात साडेचार लिहिलेलं असलं तरी शेतात चारच मिळू शकतात. दोन खुंट्या वीस मीटरवर ठोका, नांगर पूर्ण खोलीला गेल्यावर ट्रॅक्टर त्यांच्यामधून जाऊ द्या आणि मोबाईलवर सेकंद मोजा. ७२ ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. १८ सेकंद लागले तर वेग चार. त्याच वेळी टायरची खूण पाहा. गोट्यांचा ठसा जमिनीवर पूर्ण पुसला जात असेल तर घसरण जास्त आहे. वाफसा नीट आलेला नाही किंवा नांगर ट्रॅक्टरला झेपत नाही. अशा वेळी गिअर वाढवून वेळ वाचत नाही, टायर आणि डिझेल मात्र जातं.

०.७ गुणिले ४ गुणिले १०, म्हणजे तासाला २८ आर. या हिशेबानं एकराला ८७ मिनिटं लागायला हवीत. नवीन मुलं इथंच थांबतात आणि शेतकऱ्याला "दीड तास" सांगतात. हे ८७ मिनिटं फक्त नांगर जमिनीत असतानाचे आहेत. प्रत्येक फेरीच्या टोकाला नांगर उचलायचा, पलटायचा, ट्रॅक्टर वळवून पुन्हा ओळीत आणायचा, या वेळात एक इंचही रान नांगरलं जात नाही. वळण किती सेकंदांचं हे चालकावर आणि बांधाजवळच्या जागेवर आहे; मी वीस सेकंद धरतो.

वळणं किती होणार हे रानाच्या आकारावर आणि त्याहून जास्त नांगरायच्या दिशेवर ठरतं. १०१ मीटर लांब आणि ४० मीटर रुंद असं एकराचं रान घ्या. वळायला दोन्ही टोकांना सहा मीटरची पट्टी सोडायची आणि ती शेवटी आडवी नांगरायची.

लांबीच्या दिशेनं गेलो तर ४० भागिले ०.७, म्हणजे ५७ फेऱ्या. प्रत्येक फेरी ८९ मीटरची, तिला ८० सेकंद आणि वळणाचे २० मिळून १०० सेकंद. हे झाले ९५ मिनिटं. टोकाच्या पट्ट्यांना प्रत्येकी नऊ फेऱ्या, त्यांची सतरा मिनिटं. एकूण ११२.

आता त्याच रानात आडवं जाऊ. १४४ फेऱ्या होतात, प्रत्येक फक्त २८ मीटरची. नांगर २५ सेकंद चालतो आणि वळायला २० सेकंद जातात! या १०८ मिनिटं घेतात, आणि दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या आणखी ३३. एकूण १४१.

रान, नांगर, ट्रॅक्टर, गिअर सगळं तेच, आणि अर्ध्या तासाचा फरक. पहिल्या पद्धतीत ८७ ला ११२ नं भागलं तर ७८ टक्के येतात, दुसरीत ६२. यालाच शेत-कार्यक्षमता म्हणतात. पुस्तकात नांगरटीला एक ठरावीक टक्का दिलेला असतो, पण भावकीत वाटण्या होऊन अरुंद झालेल्या आपल्याकडच्या रानांना तो सरसकट लावू नका. लांबी-रुंदी पावलांनी मोजा आणि वर केला तसा फेऱ्यांचा हिशेब मांडा, पाच मिनिटांचं काम आहे.

एका बाबतीत मात्र वेळेकडे पाहायचं नाही. लांब बाजू उताराच्या दिशेनं असेल तर नांगरट उताराला आडवीच करा. वेळ वाचवायला उताराच्या दिशेनं तास पाडले तर पहिल्या मोठ्या पावसात त्याच तासांतून माती वाहून जाते. शेतकऱ्याला आधीच सांगा, "दादा, आडवं घालायचंय, वेळ जास्त लागेल." कारण कळलं की बहुतेक जण मान्य करतात.

हार्वेस्टरला सूत्र तेच, पण वेग वेगळ्या गोष्टीनं बांधला जातो. १४ फुटी कटर बार सव्वाचार मीटरच्या आसपास असतो; कडेला थोडा चढाव सोडून ४.२ धरा. ताशी तीन किलोमीटरनं १२६ आर होतात. दाण्याची टाकी रिकामी करणं आणि वळणं धरून ६५ टक्के घेतले तर सुमारे ८२ आर, म्हणजे तासाला दोन एकर. इथं ट्रॅक्टरची ताकद आड येत नाही, पिकाची दाटी येते. मळणीच्या भागाला झेपेल तेवढंच पीक आत जायला हवं. वेग जास्त झाला की मशीनमागच्या काडात दाणे दिसू लागतात. उतरून काड हातानं झाडून पाहा. सोयाबीन सकाळी दवानं ओलं असेल किंवा गहू आडवा पडला असेल, तर तीनच्या जागी दोन धरूनच वेळ सांगा.

भाडं तासावर असेल तर आणखी एक गोष्ट कामाआधी स्पष्ट करा: तास घड्याळाचे की ट्रॅक्टरच्या मीटरचे. जुन्या ट्रॅक्टरचं यांत्रिक मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतं. ठरलेल्या फेऱ्यांवर ते घड्याळाबरोबर राहतं, कमी फेऱ्यांवर मागे पडतं. त्यामुळे घड्याळात दोन तास झाले तरी मीटर त्याहून कमी दाखवू शकतं, आणि चालक व शेतकरी दोघंही खरं बोलत असताना बांधावर भांडण होतं. आमच्या नोंदवहीत आता सुरुवातीची आणि शेवटची घड्याळाची वेळ, मीटरचे आकडे आणि रानाची लांबी-रुंदी एकाच ओळीत लिहितात. पुढच्या हंगामात त्याच रानाची वेळ सांगायला ही ओळ कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.