रसायनाच्या बाटलीवरचं लेबल मराठीत करताना या चुका टाळा

आमच्या प्रयोगशाळेत मुलांना एक काम हमखास मिळतं. कपाटातली एक बाटली घ्यायची, तिच्या लेबलाचं मराठी करायचं आणि ते मूळ लेबलाच्या खाली चिकटवायचं. ते वाचणार कोण, तर स्टोअर सांभाळणारे मामा आणि मराठी माध्यमातून आलेली पहिल्या वर्षाची मुलं. लेबल जेमतेम दहा ओळींचं असतं, म्हणून मुलं ते चहाच्या सुट्टीत उरकून टाकतात. मग दर वर्षी त्याच चुका माझ्या टेबलावर येतात. त्यातल्या दोन मला अजिबात सहन होत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो. बाकीच्या येता-जाता सांगेन.

‘थंड जागा’ म्हणजे फ्रिज नव्हे

डायएथिल ईथरच्या बाटलीवर साठवणुकीची सूचना साधारण अशी असते: भांडं घट्ट बंद ठेवा, थंड आणि हवा खेळती असलेल्या जागी ठेवा, उष्णता, ठिणगी आणि उघड्या ज्योतीपासून दूर ठेवा. एका मुलाने, समजायला सोपं जावं म्हणून, ‘थंड जागी म्हणजे फ्रिजमध्ये ठेवावे’ असं लिहिलं. अक्षर सुंदर होतं, कुणी तपासलं नाही आणि लेबल चिकटलं. मामा सूचना पाळणारा माणूस. त्यांनी शनिवारी दुपारी अर्धी भरलेली बाटली विभागाच्या साध्या घरगुती फ्रिजमध्ये ठेवली. तिच्या झाकणातली चकती जुनी होऊन फुगली होती, त्यामुळे झाकण बसल्यासारखं दिसे, पण नीट बसत नसे.

सोमवारी सकाळी खोलीच्या दारातच गोडसर, डोकं जड करणारा वास आला. सुदैवाने पहिल्या पोहोचलेल्या बाई अनुभवी होत्या. त्यांनी फ्रिजला हात लावला नाही की खोलीतलं एकही बटण दाबलं नाही. बाहेरच्या व्हरांड्यातल्या बोर्डावरून त्या खोलीची वीज तोडली, खिडक्या उघडल्या आणि सगळ्यांना बाहेर काढलं. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, “सर, लेबलवर थंड जागाच लिहिली होती.”

आता यात भिण्यासारखं काय, ते आकड्यांत बघा. ईथर ३४.६ अंशांना उकळतं. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला द्रवावर पेट घेण्याइतकी वाफ जमते ते तापमान, उणे ४५ अंश आहे. फ्रिज असतो ४ अंशांना आणि फ्रीझर उणे १८ ते २० अंशांना. म्हणजे फ्रीझरमध्येसुद्धा ईथरवर पेटण्याजोगी वाफ असतेच, थंडीने ते सुरक्षित होत नाही. हवेत सुमारे २ टक्के वाफ झाली की मिश्रण स्फोटक ठरतं. २०० लिटरच्या फ्रिजमध्ये २ टक्के म्हणजे ४ लिटर वाफ. ४ अंशांना एका मोलची वाफ साधारण २२.७ लिटर जागा व्यापते, म्हणजे ही ०.१८ मोल झाली, वजनात सुमारे १३ ग्रॅम. ईथरची घनता ०.७१ धरली तर द्रव भरतो १८ मिलिलिटरच्या आसपास. सैल झाकणातून दीड दिवसात एवढं सहज उडतं. आणि घरगुती फ्रिजच्या आत थर्मोस्टॅट असतो, दिव्याचं बटण असतं, ती ठिणगी टाकतात. दार उघडलं की दिवा लागतो, म्हणजे नेमकं माणूस समोर उभा असताना.

म्हणून माझी सवय अशी आहे. लेबलावर अंश दिले असतील, उदाहरणार्थ २ ते ८, तर मराठीतही अंशच लिहायचे, ‘फ्रिज’ हा शब्द नाही. अंश नसतील तर ‘ऊन, उष्णता आणि ठिणगीपासून दूर, हवा खेळत्या जागी’ असं लिहायचं. ईथर, पेट्रोलियम ईथर, अ‍ॅसिटोन या मंडळींच्या बाबतीत मी त्याखाली ‘स्थानिक सूचना’ असा वेगळा मथळा देऊन ‘ज्वालाग्राही द्रवांच्या लोखंडी कपाटात, घरगुती फ्रिजमध्ये कधीही नाही’ अशी ओळ घालतो. मथळा वेगळा ठेवतो, कारण ती ओळ उत्पादकाची नाही, आमची आहे, आणि वाचणाऱ्याला ते कळलं पाहिजे. मे महिन्यात नागपुरात खोलीचं तापमानच ईथरच्या उत्कलनबिंदूच्या वर जातं हे मला मान्य आहे. त्यावर उपाय एकच, ईथर कमी मागवा आणि लहान बाटल्यांत मागवा. सतत थंडच ठेवायचं असेल तर आतून ठिणगी न पडणारा, ज्वालाग्राही द्रवांसाठीच बनवलेला फ्रिज घ्यावा लागतो.

फ्रिजचा मोह दुसऱ्या बाजूनेही नडतो. ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल १६.६ अंशांना गोठतं. ते फ्रिजमध्ये ठेवणाऱ्याला सकाळी बाटलीत दगड सापडतो, आणि मग तो दगड वितळवायला कुणीतरी बर्नर पेटवतो. ते आम्लही ज्वालाग्राही आहे, हे लेबलवर छापलेलं असतं.

‘घट्ट बंद करून हवेशीर जागी’ याचं ‘हवा लागेल अशी ठेवा’ असं भाषांतरही पाहिलं आहे. हवा खोलीत खेळायची असते, बाटलीत नाही.

टक्केवारी दिसली की ‘शुद्धता’ लिहिणं

ही दुसरी. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या एआर, म्हणजे विश्लेषणासाठीच्या दर्जाच्या, बाटलीवर ‘अ‍ॅसे ३५ ते ३८ टक्के’ असं असतं. मुलं बेधडक ‘शुद्धता ३५ ते ३८ टक्के’ लिहितात. शेजारी सोडियम क्लोराइडची बाटली असते, तिच्यावर ९९.५ टक्के. मग पहिल्या वर्षाचं पोर येऊन विचारतं, “सर, हे आम्ल इतकं भेसळीचं का आणलंय?” चूक त्याची नाही, लेबल लिहिणाऱ्याची आहे.

अ‍ॅसे म्हणजे बाटलीतल्या मालात मुख्य रसायन वजनाने किती टक्के आहे, तो आकडा. हायड्रोक्लोरिक आम्ल हे पाण्यात विरघळलेला वायू आहे आणि बाजारात ते साधारण एवढ्याच तीव्रतेचं मिळतं. उरलेले ६२-६५ टक्के पाणी आहे, घाण नाही. मी मराठीत ‘HCl चे प्रमाण, वजनाने ३५-३८ टक्के, उरलेले पाणी’ असं लिहायला लावतो. ओळ लांबते, पण मुलाला पुढची आकडेमोड तिथूनच करता येते. ३७ टक्के आणि घनता १.१८ धरा. एक लिटरचं वजन ११८० ग्रॅम, त्यात HCl ४३७ ग्रॅम, त्याला ३६.४६ ने भागलं की जवळपास १२ मोलर. ०.१ मोलरचं एक लिटर द्रावण करायला ८.३ मिलिलिटर आम्ल पुरतं. (आधी पाणी, मग आम्ल, हे सांगावं लागू नये, पण सांगतो.) ‘शुद्धता’ वाचलेल्या पोराला हे गणित सुचतच नाही, कारण त्याच्या डोक्यात पाण्याचा हिशेब नसतो.

मग शुद्धता कुठे लिहिलेली असते? खालच्या बारीक अक्षरांत. लोह, सल्फेट, जड धातू यांच्यापुढे छोटे छोटे दशांश असतात आणि त्यांच्यापुढे ‘कमाल’. एआर आणि एलआर यांतला खरा फरक या यादीत असतो. दोन्ही बाटल्यांवर प्रमाण तेच असू शकतं, पण एलआरच्या यादीत मर्यादा सैल असतात, कधीकधी यादीच नसते. ती ‘वाचायला त्रास होतो’ म्हणून गाळणारे विद्यार्थी दर बॅचमध्ये भेटतात. गाळू नका. आणि कृपा करून किमान आणि कमाल यांची अदलाबदल करू नका. ‘लोह किमान’ असं लिहिलेलं लेबल माझ्या खणात नमुना म्हणून ठेवलेलं आहे.

दर्जाच्या अक्षरांचं शब्दशः मराठी करण्याचा हट्टही सोडा. एलआरचं ‘प्रयोगशाळा दर्जा’ केलं की वाचणाऱ्याला वाटतं, आपण प्रयोगशाळेत आहोत म्हणजे हेच उत्तम. प्रत्यक्षात एलआर नेहमीच्या बनवाबनवीला, आणि एआर मोजमापाला. ‘एक्स्ट्रा प्युअर’चं ‘अतिशुद्ध’ केलं की ते एआरच्या वर जाऊन बसतं, पण बहुतेक उत्पादकांकडे ते एआरच्या खाली असतं आणि त्याची सर्वमान्य व्याख्याही नाही. मी अक्षरं तशीच ठेवतो आणि पुढे वापर लिहितो: ‘एआर: टायट्रेशन आणि इतर विश्लेषणासाठी’.

याच भागात आणखी एक शब्द गळतो, डायहायड्रेट. ऑक्झॅलिक आम्लाच्या बाटलीवर तो असेल तर रेणुभार १२६.०७, नसेल तर ९०.०३. डायहायड्रेटची पूड घेऊन ९०.०३ ने हिशेब केला की ०.१ नॉर्मल समजून केलेलं द्रावण ०.०७१ नॉर्मल निघतं, आणि मग पोरं ब्यूरेटला शिव्या देतात.

चित्रांबद्दल थोडक्यात

लाल चौकटीतल्या चित्रांपैकी दोन सारखी दिसतात. नुसती ज्योत म्हणजे ज्वालाग्राही. वर्तुळावर ज्योत म्हणजे ऑक्सिडीकारक, जे स्वतः पेटत नसलं तरी शेजाऱ्याची आग भडकवतं. पोटॅशियम परमँगनेटवर ‘ज्वालाग्राही’ लिहिलं तर मामा ती बाटली नेमकी अल्कोहोलच्या कपाटात ठेवणार, म्हणजे जिथे ती कधीच असू नये तिथे.

कवटी म्हणजे लगेच भोवणारं विष. छातीवर चांदणी फुटलेला माणूस म्हणजे कर्करोग, जनुकीय बदल, अवयवांची हानी असे गंभीर धोके, जे बरेचदा उशिरा कळतात. याचं ‘हृदयविकार’ करणारे महाभाग आहेत.

संकेतशब्द दोन आहेत, ‘धोका’ आणि त्याहून सौम्य ‘सावधान’. बाटलीवर त्यांतला एकच असतो, तोच लिहा. ज्वालाग्राहीपणाच्याही तीन पायऱ्या आहेत, त्यांचे धोक्याचे क्रमांक H224, H225 आणि H226. ईथर पहिलीत, इथेनॉल दुसरीत. तिन्हींना ‘ज्वलनशील’ म्हणून मोकळं होऊ नका, ‘अत्यंत’, ‘अति’ आणि नुसतं ‘ज्वालाग्राही’ असं लिहा. धोक्याचे H आणि खबरदारीचे P क्रमांक मात्र आहेत तसेच ठेवा, म्हणजे सुरक्षा पत्रकात शोधता येतात. कॅस क्रमांकही तसाच, ईथरचा 60-29-7.

अमेरिकन बाटल्यांवर निळा-लाल-पिवळा-पांढरा चौकोन दिसला तर सांभाळा. त्यात ४ सगळ्यांत वाईट, तर लाल चौकटीच्या पद्धतीत वर्ग १ सगळ्यांत वाईट. ईथरला एकीकडे ४ आणि दुसरीकडे १ मिळतो. एका आकड्याच्या आधारे दुसरा ‘दुरुस्त’ करू नका.

चिकटवण्याआधी

मराठी लेबल मूळ लेबलावर चिकटवायचं नाही, खाली. बॅच क्रमांक झाकला तर बाटली ओळखता येत नाही. पेनने लिहू नका, अ‍ॅसिटोनचा एक ओघळ आला की शाई जाते. लेझर प्रिंट काढून वर पारदर्शक टेप लावा. मी चिकटवण्याआधी इंग्रजी भाग हाताने झाकून मराठी मामांना वाचायला देतो आणि विचारतो, “मामा, ही कुठे ठेवाल?” ते फ्रिजकडे निघाले तर लेबल परत.

ईथरच्या लेबलावर एक रिकामी ओळ ठेवा: ‘उघडल्याची तारीख’. हवा आणि उजेडात त्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात. बाटलीत घातलेलं बीएचटी ते रोखतं, पण बीएचटी संपतं. तारीख जुनी असेल तर थोडं ईथर ताज्या १० टक्के KI द्रावणाबरोबर हलवून बघा. पिवळं झालं तर वापरू नका. तारीखच नसेल आणि झाकणाभोवती स्फटिक दिसत असतील तर बाटली उघडू नका, हलवू नका, सरांना बोलवा.